कुत्रा, मांजर किंवा माकड चावल्यास अथवा ओरखडल्यास : सोलापूर शहर व जिल्ह्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्रा चावल्यावर सर्वांत आधी काय करावे?

जखम धुवावी, आणि तीही लगेच, ज्या ठिकाणी असाल त्याच ठिकाणी. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटे धुणे हा या उपचाराचा पहिला भाग आहे आणि तो रुग्णालयात नव्हे, घरीच व्हायला हवा. रेबीजच्या विषाणूभोवती चरबीचे पातळ आवरण असते. साबणाने ते आवरण फाटते आणि विषाणू निकामी होतो, शिवाय वाहते पाणी जखमेत शिरलेली लाळ बाहेर काढते. अंगाचा साबण, कपड्याचा साबण, भांड्याचा साबण यांपैकी जो हाताशी असेल तो चालतो.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, ही अडचण खरी आहे. पाणी येण्याचा दिवस नसेल तर पिंपातले किंवा हौदातले पाणी दुसऱ्या माणसाने तांब्याने एकसारखे जखमेवर ओतत राहावे. बादलीत हात बुडवून ठेवणे म्हणजे धुणे नव्हे, कारण त्यात लाळ जखमेजवळच राहते. पंधरा मिनिटे वाटतात त्यापेक्षा बरीच मोठी असतात आणि बहुतेक जण दोन मिनिटांत थांबतात, म्हणून घड्याळ समोर ठेवावे. दातांची खोल भोके असतील तर त्यांच्या कडा हलक्या हाताने विलग करून आत पाणी जाऊ द्यावे. लाळ डोळ्यात उडाली असेल तर डोळा नुसत्या स्वच्छ पाण्याने धुवावा, साबण वापरू नये.

धुऊन झाल्यावर घरात पोव्हिडोन आयोडीन असेल तर ते लावावे, नसेल तर त्यासाठी थांबू नये. जखम उघडी ठेवावी किंवा वरून स्वच्छ कापड सैल धरावे. रक्ताची धार लागली असेल तरच दाब द्यावा.

हळद, चुना, तिखट लावले तर चालते का?

नाही. हळद, चुना, मिरचीची पूड, तंबाखू, रॉकेल, बिब्बा यांपैकी कशानेही विषाणू मरत नाही. तिखट आणि चुना यांनी जखमेतील मांस भाजते, त्यामुळे विषाणूला मज्जातंतूंपर्यंत पोहोचायला उलट वाट मिळू शकते, आणि डॉक्टरांना जखमेची खरी खोली दिसत नाही. असे काही आधीच लावले गेले असेल तर लाजून लपवू नये, साबणपाण्याने ते पूर्ण धुऊन काढावे.

अंगारा लावणे, मंत्र घालून घेणे, अमुक गावी जाऊन पाणी पिणे यांमुळे आणखी एक हानी होते, ती म्हणजे वेळ जातो. चावलेल्या कुत्र्यांपैकी पुष्कळ कुत्र्यांना रेबीज नसतोच, त्यामुळे काहीही केले तरी माणूस बरा राहतो आणि श्रेय मांत्रिकाला जाते. गावोगावच्या अशा कीर्तीमागे बहुतेक वेळा एवढेच कारण असते.

नुसते ओरखडले आहे, रक्त आले नाही. तरीही दवाखान्यात जावे का?

जावे. डॉक्टर जखमेची तीन श्रेणींत विभागणी करतात आणि पुढचा सर्व उपचार त्यावर ठरतो. जनावराला हात लावणे, खाऊ घालणे, किंवा कोठेही न फुटलेल्या कातडीवर त्याने चाटणे ही पहिली श्रेणी असून तिला लशीची गरज नसते. रक्त न येता उमटलेला ओरखडा किंवा उघड्या कातडीला दातांनी हलके कुरतडणे ही दुसरी श्रेणी आहे आणि तिला लस लागते. कातडी भेदून गेलेला चावा, रक्त आलेला ओरखडा, आधीच्या जखमेवर चाटणे, किंवा डोळा, तोंड, नाक यांत लाळ जाणे ही तिसरी श्रेणी. तिला लस आणि तिच्यासोबत जखमेत टोचायचे सीरम अशा दोन्ही गोष्टी लागतात.

दुसरी आणि तिसरी श्रेणी ओळखताना घरच्यांची गफलत होते. पॅन्ट फाटली नाही म्हणून दात लागले नाहीत असे समजले जाते, पण कापड शाबूत राहूनही खालची कातडी फुटलेली असू शकते. म्हणून कपडा काढून चांगल्या उजेडात पाहावे. लहान मुले भीतीपोटी जखम लपवतात किंवा एकच दाखवतात, त्यांचे डोके, केसांखालची जागा आणि पाठ आवर्जून तपासावी.

मांजराने नखे मारली तर इतकी काळजी कशाला?

मांजर आपले पंजे सतत चाटते, त्यामुळे नखांवर लाळ असू शकते. तिचे दात बारीक आणि टोकदार असल्याने वरून टाचणीएवढे दिसणारे भोक आत खोल गेलेले असते आणि धुताना पाणी तेथपर्यंत सहज पोहोचत नाही. श्रेणी ठरवण्याचे नियम कुत्र्याला लागू होतात तेच मांजरालाही लागू होतात. पिल्लांनाही रेबीज होऊ शकतो. गल्लीतले महिन्या-दोन महिन्यांचे पिल्लू खेळता खेळता चावले आणि कोणी मनावर घेतले नाही, हा प्रकार मोठ्या कुत्र्याच्या हल्ल्यापेक्षा अधिक धोकादायक ठरू शकतो, कारण हल्ला झाल्यावर निदान माणूस दवाखान्यात तरी जातो.

माकड किंवा वानर चावल्यास काय वेगळे असते?

देवळाच्या पायऱ्यांवर प्रसादाची पिशवी हिसकावताना माकडाचा दात किंवा नख लागणे, असे अनेकदा घडते. भारतातील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार वन्य प्राण्यांचा चावा तिसऱ्या श्रेणीत धरला जातो, म्हणजे लस आणि सीरम दोन्ही द्यायचे असतात. कुत्र्या-मांजरांसाठी असलेला दहा दिवस लक्ष ठेवण्याचा नियम माकडाला लागू होत नाही. तेच माकड दुसऱ्या दिवशी धडधाकट दिसले, यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही, आणि कळपातले नेमके कोणते चावले हे सांगणेही बहुधा अशक्य असते. माकडाच्या तोंडातील इतर जिवाणूंमुळे जखम चिघळते, त्यासाठी प्रतिजैविक द्यायचे की नाही हे डॉक्टर ठरवतात.

लस घेतली, मग सीरम आणखी कशासाठी? दोन्ही एकच नाहीत का?

एकच नाहीत, आणि या पानावरील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. लस शरीराला प्रतिद्रव्ये तयार करायला शिकवते, पण पुरेशी प्रतिद्रव्ये तयार होण्यास साधारण सात ते चौदा दिवस लागतात. विषाणू मात्र जखमेत त्याच क्षणी हजर असतो. तो स्नायूंत आणि मज्जातंतूंच्या टोकांशी असतो आणि एकदा तंतूत शिरला की मेंदूच्या दिशेने सरकू लागतो. चेहरा, डोके, मान आणि हाताची बोटे येथे मज्जातंतूंचे जाळे दाट असते, आणि चेहऱ्यापासून मेंदूचे अंतरही थोडे असते. लशीचा परिणाम सुरू होईपर्यंतचे हे मोकळे दिवस भरून काढण्यासाठी तयार प्रतिद्रव्ये थेट जखमेत टोचावी लागतात. त्यांना रेबीज इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. रुग्णालयात बोलताना बहुतेक जण नुसते सीरम म्हणतात.

हे सीरम घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तापासून बनवलेले असते, आणि आता प्रयोगशाळेत तयार केलेली प्रतिद्रव्येही त्याऐवजी वापरली जातात. ते दंडात किंवा कमरेवर टोचून काम भागत नाही, कारण विषाणू जखमेत असतो. सुईने जखमेच्या आत आणि कडेने, जितके मावेल तितके भरावे लागते. हे दुखते आणि लहान मुलांच्या बाबतीत पाहवत नाही. तेवढ्यासाठी नातेवाईक कधी कधी नको म्हणतात, पण तेथे माघार घेऊ नये.

आणखी एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. धनुर्वाताचे इंजेक्शन रेबीजपासून वाचवत नाही. जवळच्या दवाखान्यात एक सुई टोचून घेतली आणि काम झाले असे समजून घरी परतलेल्या माणसाने नेमके कोणते इंजेक्शन मिळाले हे कागदावर लिहून घेतले पाहिजे.

प्रत्यक्ष उपचार कसा होतो, एखाद्या उदाहरणाने सांगाल का?

समजा, मोहोळ तालुक्यातील एका वस्तीवर सात वर्षांची, 18 किलो वजनाची मुलगी संध्याकाळी अंगणात खेळत असताना भटके कुत्रे तिच्या उजव्या गालाला आणि उजव्याच हाताच्या तर्जनीला चावले. तारीख 5 मे. गालावर दातांची दोन भोके आणि एक फाटलेली चीर आहे, बोटावर एक छोटे भोक आहे. आजी हळदीचा डबा आणायला धावते, पण शेजारच्या काकू मुलीला मोरीत नेऊन साबणाने गाल आणि बोट धुतात. रक्त आलेले आहे, म्हणजे ही तिसरी श्रेणी आहे.

जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लशीचा पहिला डोस आणि धनुर्वाताचे इंजेक्शन मिळते. सीरम तेथे नसल्यास मुलीला चिठ्ठी देऊन सोलापूरच्या सिव्हिलला पाठवले जाते. पालकांनी येथे सकाळपर्यंत थांबू नये, कारण चेहऱ्यावरचा चावा हा थांबण्याजोगा नव्हे. लशीचा डोस आरोग्य केंद्रात झाला म्हणून सिव्हिलला जाणे टाळायचे, हेही चुकीचे आहे.

सिव्हिलमध्ये वजन करून सीरमची मात्रा ठरते. घोड्याच्या सीरमची मात्रा किलोमागे 40 युनिट असते, म्हणून 18 किलोला 720 युनिट होतात. त्या औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये 300 युनिट असतील तर हे 2.4 मिलिलिटर भरते. यापेक्षा जास्त द्यायचे नसते. माणसाच्या रक्तापासून बनवलेले सीरम असेल तर किलोमागे 20 युनिट, म्हणजे निम्मी मात्रा लागते. गालाच्या जखमांत मोठा भाग जातो. बोटाला मात्र फार थोडे द्यावे लागते, कारण बोटात जागा नसते आणि जोराने भरल्यास आतील दाब वाढून रक्तप्रवाह अडतो. जखमा पुष्कळ असून औषध पुरत नसेल तर ते सलाइनमध्ये पातळ करतात, म्हणजे प्रत्येक जखमेपर्यंत पोहोचते. घोड्याच्या सीरममुळे क्वचित तीव्र ॲलर्जी होऊ शकते, म्हणून नंतर काही वेळ रुग्णालयातच बसायला सांगतात आणि त्यावेळी घाईने निघून जाऊ नये.

गालावरची चीर पाहून आईला वाटते की टाके घालावेत, नाहीतर डाग राहील. कुत्र्याच्या चाव्यावर लगेच टाके घालत नाहीत, कारण सुई-दोऱ्यासोबत लाळ आत ढकलली जाते. टाके घालणे भागच असेल तर आधी सीरम जखमेत भरून, काही तास जाऊ देऊन, शक्य तितके कमी आणि सैल टाके घातले जातात. डागाची चिंता नंतर करता येते.

त्यानंतरच्या लशीच्या तारखा अशा : 5 मे हा शून्यावा दिवस धरून 8 मे, 12 मे आणि 2 जून. शासकीय रुग्णालयात लस बहुधा कातडीत टोचतात, दोन्ही दंडांवर प्रत्येकी 0.1 मिलिलिटर, आणि तेथे टोचल्याबरोबर फोडासारखा छोटा उंचवटा येतो. खाजगी दवाखान्यात ती स्नायूत दिली तर डोस पाच होतात, शून्य, तीन, सात, चौदा आणि अठ्ठावीस या दिवशी, आणि त्या दंडात किंवा लहान बाळांना मांडीत देतात. नितंबात ही लस देत नाहीत, कारण तेथे ती पुरेसे काम करत नाही. मधल्या दिवशी गाव बदलले तरी हरकत नाही. कार्ड दाखवून जेथे लस उपलब्ध असेल तेथे पुढचा डोस घेता येतो, फक्त शक्यतो त्याच पद्धतीने.

पहिल्या दिवशी सीरम मिळाले नाही. आता उशीर झाला का?

पहिल्या लशीपासून सात दिवसांच्या आत ते देता येते. त्यानंतर शरीराची स्वतःची प्रतिद्रव्ये तयार होऊ लागलेली असतात, म्हणून सीरम देत नाहीत. पण त्या सात दिवसांवर भिस्त ठेवणे हा हिशेबच चुकीचा आहे, कारण विषाणूला आपल्या तारखा ठाऊक नसतात. सीरम संपल्याचे उत्तर मिळाल्यास ते कोठे मिळेल हे तेथील डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावे आणि त्याच दिवशी पुढे निघावे. दरम्यान लस चुकवू नये.

कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे आणि मग लस घ्यायची का?

नाही, क्रम उलटा आहे. लस त्याच दिवशी सुरू करायची आणि सोबत कुत्र्यावर लक्ष ठेवायचे. कुत्र्याच्या किंवा मांजराच्या लाळेतून विषाणू बाहेर पडू लागला असेल तर ते जनावर दहा दिवसांत आजारी पडते किंवा मरते. दहा दिवसांनंतरही ते ठणठणीत असेल तर चावले त्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, असे धरता येते आणि डॉक्टर उरलेला डोस थांबवू शकतात. वरील उदाहरणातील कुत्रे गल्लीतलेच असते आणि 15 मे रोजी धडधाकट दिसले असते, तर 2 जूनच्या डोसाबद्दल असा निर्णय घेता आला असता. ते पळून गेले, म्हणून चारही डोस पूर्ण करायचे.

याच कारणाने चावलेल्या कुत्र्याला मारून टाकू नये. मेलेल्या कुत्र्यावर लक्ष ठेवता येत नाही, आणि प्रयोगशाळेत त्याचा मेंदू तपासण्याची सोय प्रत्येक ठिकाणी नसते. जमले तर पशुवैद्यकाला दाखवावे. दोराने बांधायला स्वतः जाऊन दुसरा चावा मात्र ओढवून घेऊ नये.

पिसाळलेले कुत्रे ओळखायचे कसे?

अंगावर धावणारे, वाटेत येईल ते चावत सुटणारे कुत्रे सर्वांना कळते. मुका प्रकार मात्र ओळखू येत नाही. त्यात कुत्रे कोपऱ्यात पडून राहते, जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज घोगरा होतो, आणि काही वेळा घशात हाड अडकले असावे असे वाटून लोक त्याच्या तोंडात हात घालतात. असे करू नये. कुत्रे पाणी पिताना दिसले म्हणजे त्याला रेबीज नाही, हे अनुमानही चुकीचे आहे. पाण्याची भीती हे माणसातील लक्षण आहे, कुत्र्यात ते तसे दिसत नाही.

कुत्रा पाळलेला असून त्याला लस दिलेली आहे. मग?

लशीच्या नोंदीचे कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जावे. शेवटचा डोस केव्हा झाला हे पाहून ते ठरवतील. मालकाने तोंडी दिलेल्या भरवशावर उपचार टाळू नयेत, कारण वार्षिक डोस विसरणे सर्रास घडते. जखम धुणे तर कोणत्याही परिस्थितीत सुटत नाही.

एक डोस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून घ्यायचे का?

सहसा नाही. चुकलेला डोस शक्य तितक्या लवकर घेऊन पुढचे डोस त्याच अंतराने पूर्ण करायचे. लग्नकार्य किंवा पंढरपूरची वारी मध्ये येत असेल तर तारखा आधीच डॉक्टरांना सांगून ठेवाव्यात.

चावून दोन महिने झाले, काही झाले नाही. आता लस घेऊन उपयोग काय?

आहे. विषाणूला मेंदूपर्यंत जाण्यास बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी आठवड्याभरात, तर क्वचित वर्षाहूनही अधिक काळाने आजार दिसतो. लक्षणे दिसेपर्यंत उपचाराची वेळ गेली असे समजू नये. डॉक्टर त्याला नव्या चाव्यासारखेच धरून, श्रेणीप्रमाणे लस आणि सीरम देतात. लक्षणे सुरू झाल्यावर मात्र वाचण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. जुन्या जखमेच्या जागी मुंग्या येणे, खाज सुटणे किंवा दुखणे, ताप, आणि नंतर पाणी पिताना किंवा वाऱ्याच्या झुळकेनेही घशाला पेटके येणे, ही ती लक्षणे आहेत. आपल्याला रेबीज होईल की नाही हे चावल्यावर सांगणारी कोणतीही रक्ततपासणी नाही, म्हणून तपासणीसाठी थांबण्यात अर्थ नाही.

पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात का?

ती जुनी लस होती, मेंढ्यांच्या मेंदूच्या ऊतींपासून बनवलेली. भारतात तिचे उत्पादन 2004 च्या अखेरीस बंद झाले. आताच्या लशी पेशींवर वाढवलेल्या विषाणूपासून तयार होतात आणि पोटात टोचत नाहीत. आजी-आजोबांच्या आठवणीतील ती चौदा इंजेक्शने ऐकून अजूनही लोक दवाखाना टाळतात, म्हणून हा प्रश्न येथे घेतला आहे.

गरोदर स्त्री, अंगावर पाजणारी आई, एचआयव्हीबाधित किंवा मधुमेही व्यक्ती यांना लस चालते का?

चालते आणि द्यायलाच हवी. गरोदरपण हे लस किंवा सीरम न देण्याचे कारण ठरत नाही. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी, म्हणजे एचआयव्ही, कर्करोगावरील उपचार किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असणाऱ्यांनी, हे पहिल्याच भेटीत सांगावे, कारण त्यांना दुसऱ्या श्रेणीच्या जखमेतही सीरम द्यावे लागते.

लस चालू असताना काही पथ्य असते का?

नाही. अंडी, मटण, तेलकट, आंबट यांपैकी काहीही वर्ज्य नाही. अंघोळही करता येते.

रेबीज झालेल्या म्हशीचे दूध घरात सगळ्यांनी प्यायले. आता काय?

उकळलेल्या दुधातून रेबीज होत नाही. दुधामुळे घरच्यांनी लस घेण्याची सामान्यतः गरज पडत नाही, पण कच्चे दूध प्यायले असेल तर ते डॉक्टरांना सांगून ठेवावे. धोका असतो तो त्या म्हशीच्या तोंडात हात घालून औषध पाजणाऱ्याला किंवा हाताला चीर असताना तिची लाळ पुसणाऱ्याला. त्यांनी मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.